आकड्यांचा कौल आणि येशूचे नाव

अलीकडे एका धर्मग्रामाने सिद्ध केलेली प्रार्थनापुस्तिका अभिप्रायार्थ आमच्या हाती आली. पुस्तिका सुबक आहे, अक्षरे ठसठशीत आहेत, आणि ती ज्यांच्यासाठी काढली त्या वृद्ध व प्रौढ वाचकांची सोय संपादकांनी मनापासून पाहिली आहे. तिच्या आशयाविषयी आम्हांला काही तक्रार नाही. परंतु निवेदनातील एका वाक्यापाशी आम्ही अडलो. पुस्तिकेत प्रभूचे नाव सर्वत्र ‘येशु’ असे, ऱ्हस्व उकाराने छापले आहे. त्याचे कारण संपादकांनी प्रांजळपणे सांगितले आहे : आंतरजालावर दोन्ही रूपे शोधून पाहिली असता ‘येशु’ या रूपाचा आकडा ‘येशू’पेक्षा बराच मोठा दिसला, म्हणून बहुमताचे रूप स्वीकारले.

हा उकार लहान वाटेल. पण प्रार्थनापुस्तिका ही घरातील सर्वांत जास्त वेळा उघडली जाणारी पुस्तिका. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूल प्रभूचे नाव प्रथम तिच्यावरूनच लिहायला शिकते. शाळेत बाई तेच रूप चूक म्हणून लाल शाईने दुरुस्त करतील, तेव्हा त्या मुलाने कोणाचे ऐकावे? म्हणून संपादकांनी ज्या रीतीने हा निर्णय घेतला ती रीत तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. दोष संपादकांचा नाही. ही रीत आज सर्वत्र रुळली आहे. शंका आली की दोन्ही शब्द शोधयंत्रात टाकायचे आणि ज्याचा आकडा मोठा तो शब्द शुद्ध मानायचा. आम्हीही हे अनेकदा केले आहे आणि अनेकदा फसलो आहोत.

प्रथम, शोधयंत्र जो आकडा दाखवते तो कशाचा असतो हे पाहू. तो शब्द किती वेळा लिहिला गेला याचा तो आकडा नाही. तो शब्द ज्या पानांत आहे अशी पाने किती, याचा तो अंदाज आहे. पन्नास वेळा प्रभूचे नाव घेणारा दीर्घ लेख आणि एकदाच नाव घेणारी चार ओळींची सूचना, दोघींचे मोल सारखे. शिवाय तो अंदाजच असतो, मोजणी नव्हे. गूगल तर आकड्यापूर्वी ‘सुमारे’ या अर्थाचा शब्द घालून तसे सुचवत आले आहे. आता कित्येकदा तो आकडा समोर दिसतही नाही, तो मुद्दाम शोधून काढावा लागतो. त्याची प्रचीती घ्यायची असेल तर निकालांची पाने उलटत शेवटच्या पानापर्यंत जावे. आरंभी लाखांची भाषा करणारे यंत्र प्रत्यक्षात हजाराच्या आतच थांबते. वर ‘यांच्यासारखीच आणखी पाने गाळली आहेत’ असेही सांगते. तोच शोध दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या संगणकावर केला तर आकडा बदललेला आढळतो. ज्या तराजूचा काटा स्थिर राहत नाही, त्यावर दोनाला एक असे वजन तोलणे धाडसाचे आहे. एका रूपाचा आकडा दुसऱ्याच्या शंभरपट असेल तर त्यातून काही बोध घेता येईल. दुप्पट किंवा तिप्पट असेल तर तो नसल्यासारखाच समजावा.

दुसरी गोष्ट अशी की आपण विचारले तेच यंत्राने शोधले, याची खात्री नसते. शब्द अवतरणचिन्हांत घातला नाही तर यंत्र आपल्या परीने मदत करू पाहते आणि ‘येशु’ विचारणाऱ्यालाही ‘येशू’ असलेली पाने आणून देते. वाचकाला शोधताना हे उपकारकच ठरते. शुद्धलेखन तोलणाऱ्याला मात्र ते घातक आहे, कारण दोन्ही पारड्यांत तेच धान्य पडते. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. आकड्याकडे न पाहता पहिली दहा-वीस पाने उघडावीत आणि त्यांत खरोखर कोणते रूप आहे ते डोळ्यांनी पाहावे. बहुतेक फसवणूक इथेच उघडी पडते.

हे दोन्ही दोष सावधपणे वागले तर बरेचसे टळतात. संपादकांनी अवतरणचिन्हे वापरली होती आणि फरकही मोठा होता, असे आपण धरून चालू. तरीही त्यांचा निष्कर्ष टिकत नाही. त्याचे कारण अधिक खोल आहे आणि ते आपल्या भाषेच्या घडणीत आहे.

देवनागरी ही एकट्या मराठीची लिपी नाही. हिंदी आणि नेपाळी याच लिपीत लिहिल्या जातात. शोधयंत्राला अक्षरांची रांग दिसते, भाषा दिसतेच असे नाही. आता प्रभूचे नाव या भाषा कसे लिहितात ते पाहा. हिंदीत ‘ईसा’ आणि ‘यीशु’ ही रूपे आहेतच, पण ‘येशु’ हे रूपही हिंदी बायबलच्या अनुवादात आणि भक्तिगीतांत चांगलेच रूढ आहे. नेपाळी बायबलमध्ये ‘येशू’ असा दीर्घ उकार आढळतो. म्हणजे संपादकांनी ‘येशु’ विचारले तेव्हा मराठी पानांबरोबर हिंदी पानेही मोजली गेली, आणि ‘येशू’ विचारले तेव्हा नेपाळी पाने मिसळली. हिंदी लिहिणारे किती आणि मराठी लिहिणारे किती, हे सांगायला नको. मग ‘येशु’चे पारडे जड होणारच. त्या पारड्यातील मोठा भाग मराठीचा नव्हेच. हे म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या सभेत शेजारच्या चार धर्मग्रामांची मते मोजल्यासारखे झाले.

एवढ्यावरच हे थांबत नाही. मराठीत शब्दयोगी अव्यय आणि विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात. हिंदीत परसर्ग नामापासून सुटे लिहितात. हा फरक किती परिणाम करतो ते एका साध्या वाक्यावरून दिसेल. मराठीत आपण लिहू : ‘येशूने शिष्यांना बोलावले आणि येशूच्या आज्ञेप्रमाणे ते येशूबरोबर निघाले.’ हेच हिंदीत असे होईल : ‘येशु ने शिष्यों को बुलाया और येशु की आज्ञा के अनुसार वे येशु के साथ निकले.’ दोन्ही वाक्यांत प्रभूचे नाव तीन वेळा आले आहे. परंतु अवतरणचिन्हांत सुटा शब्द घालून शोधणाऱ्याला हिंदी वाक्यात तो तीन वेळा सापडेल आणि मराठी वाक्यात एकदाही नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ‘येशूने’, ‘येशूच्या’ आणि ‘येशूबरोबर’ हे तीन निराळे शब्द आहेत. ‘येशूख्रिस्त’ असे जोडून लिहिले की तो चौथा शब्द. लांब लेखात ‘येशू म्हणाला’ यासारखे सुटे रूप कुठेतरी येतेच, त्यामुळे असा लेख मोजणीत सापडतो. परंतु छोट्या पानांवर, सूचनांत, मथळ्यांत, दोन ओळींच्या प्रार्थनांत नाव प्रत्ययासह एकदाच येते आणि ते पान गणतीतून निसटते. याचा अर्थ असा की हिंदी नुसती संख्येने मोठी आहे म्हणून जिंकते असे नाही. तिची लिहिण्याची पद्धतच या मोजणीला सोयीची आहे, आणि मराठीची गैरसोयीची.

यावर एक उपाय सुचतो आणि तो पुष्कळ अंशी चांगला आहे. सुट्या नामाऐवजी प्रत्यय लागलेली रूपे तोलून पाहावीत : ‘येशूने’ आणि ‘येशुने’, ‘येशूच्या’ आणि ‘येशुच्या’. ‘च्या’ हा प्रत्यय हिंदीत नाही. ‘ने’ हिंदीत आहे, पण तो सुटा लिहितात. नेपाळीत त्या जागी ‘ले’ आणि ‘को’ येतात. म्हणजे प्रत्ययच आपल्यासाठी भाषेची चाळणी होतो आणि हाती उरतात ती जवळपास सारी मराठी पाने. कोणत्याही मराठी शब्दाच्या दोन रूपांविषयी शंका असेल तर ही युक्ती वाचकांनी अवश्य करून पाहावी.

मात्र या चाळणीलाही एक भोक आहे, आणि ते नेमके ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रश्नातच आहे. जुन्या पद्धतीने लिहिणारे लोक ‘कवि’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व लिहीत, पण प्रत्यय लागताच ‘कवीने’, ‘गुरूला’ असा दीर्घ करीत. आजही जुन्या पिढीतील पुष्कळांचा हात तसाच वळतो. असा मनुष्य सुटे नाव ‘येशु’ लिहील आणि पुढच्याच ओळीत ‘येशूने’ लिहील. त्याचे मत ‘येशूने’च्या पारड्यात पडेल, पण सुट्या नावाच्या बाबतीत तो दीर्घाच्या बाजूचा नाही. तेव्हा ‘येशूने’चा आकडा मोठा आला तरी त्यावरून ‘येशू’ हे सुटे रूपही तितकेच प्रचलित आहे, असे सिद्ध होत नाही. आम्ही स्वतः ‘येशू’ याच रूपाचे पक्षपाती आहोत. म्हणून आमच्या सोयीच्या आकड्यातील ही उणीव प्रथम आम्हीच सांगणे बरे.

आता असे समजू की ही सारी मिसळण दूर झाली आणि आपल्यापुढे निव्वळ मराठी पाने उरली. ती मोजली तर मराठी माणसे काय लिहितात ते कळेल का? इथे तिसरी अडचण उभी राहते. बायबलचेच उदाहरण घेऊ, कारण प्रभूचे नाव सर्वांत अधिक तिथेच येते. आंतरजालावर बायबल वाचायला देणारी स्थळे बहुधा प्रत्येक अध्यायाला एक स्वतंत्र पान देतात. मत्तयच्या शुभवर्तमानाचे अध्याय 28, मार्कचे 16, लूकचे 24 आणि योहानचे 21. चार शुभवर्तमाने मिळून 89 अध्याय. त्यांतील बहुतेक अध्यायांत प्रभूचे नाव येते. एकच मराठी अनुवाद दहा ठिकाणी ठेवला असेल तर केवळ शुभवर्तमानांची 890 पाने झाली. प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे वेगळीच. परंतु या शेकडो पानांमागे मत मात्र एकच आहे. अनुवादकांच्या एका मंडळाने एकदा बसून जो निर्णय घेतला, तोच शेकडो वेळा मोजला गेला. त्या मंडळाने उद्या उलट ठरवले असते तर आकडाही उलटा झाला असता आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या लिहिण्यात तीळभरही फरक पडला नसता. हीच गत भजनांची, बातम्यांची आणि एकमेकांच्या संकेतस्थळांवरून उचललेल्या प्रार्थनांची. पाने पुष्कळ, लेखणी एक.

योगायोगाने बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये ‘येशू’ हेच रूप आहे. म्हणून हा दोष आमच्या बाजूला झुकणारा आहे. तरीही तो दोषच. मतपेटीत एकाच्या हातून शंभर चिठ्ठ्या पडल्या तर त्या आपल्या उमेदवाराच्या आहेत म्हणून त्या मोजाव्यात, असे कोणी म्हणणार नाही.

आणि जे कधी मोजलेच जात नाही, त्याचे काय? आपल्या समाजाचे मराठी लेखन आंतरजालाच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरी शब्द शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्याची ती मूळ आवृत्ती नाहीच. पुढे देवनागरीत छापलेली प्रार्थनापुस्तके, धर्मशिक्षणाच्या वह्या, सणाच्या स्मरणिका, नियतकालिकांचे जुने अंक यांतील बहुतेक साहित्य कपाटात आहे. जे थोडे आंतरजालावर चढले तेही पुष्कळदा पानांची छायाचित्रे म्हणून. त्यांतील अक्षरे यंत्राला वाचता आली नाहीत तर ती पाने मुकीच राहतात. 1990 नंतरच्या दशकात संगणकावर जुळवलेल्या मजकुराची कथा आणखी विचित्र आहे. तेव्हाच्या मराठी टंकांत देवनागरी अक्षराच्या चित्रामागे रोमन लिपीतील चिन्ह दडलेले असे. तो टंक नसलेल्या संगणकावर असे पान उघडले तर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात, आणि शोधयंत्रालाही तीच दिसतात. म्हणजे ज्या काळात आपल्या लेखकांनी भरभरून लिहिले, त्याच काळातले मराठी या मोजणीत जवळपास गैरहजर आहे.

लिपीमागची ही चिन्हे आजही एक गंमत करतात. ती आमच्या विषयाला लागूनच आहे, म्हणून सांगतो. संत ॲन्थनी यांचे नाव घ्या. त्यातील पहिले अक्षर संगणकावर निदान दोन प्रकारे उमटवता येते. एकात ‘ॲ’ हे अखंड अक्षर असते; ते युनिकोड या जागतिक संकेतात 2008 साली आले. दुसऱ्यात ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवतात. कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात आणि वाचणाऱ्याला फरक कळणारच नाही, पण आत चिन्हे निराळी असल्याने यंत्र त्यांना दोन शब्द समजू शकते. त्यात हिंदीच्या धाटणीचा ‘ऍ’ वापरणारे तिसरे. अशा वेळी दोन आकड्यांची तुलना केली तर ती दोन शुद्धलेखनांची नसून दोन कळफलकांची होते. ओळखायचे कसे? आपण टंकलेल्या शब्दाऐवजी एखाद्या पानावरचाच शब्द उचलून शोधात टाकावा. आकडा एकदम बदलला तर समजावे की प्रश्न अक्षराचा नसून त्यामागच्या चिन्हाचा आहे.

मग ही रीत टाकूनच द्यावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. तिची एक मर्यादित जागा आहे. एखादे रूप मुळात कोणी लिहिते की तो आपल्याच हाताचा मुद्रणदोष आहे, एवढे तिच्याकडून चटकन कळते. दोन्ही रूपे अस्सल मराठी आहेत, प्रत्यय लावूनही फरक तसाच प्रचंड राहतो, आणि उघडून पाहिलेली पाने निरनिराळ्या हातांची आहेत, अशी खात्री झाली तर प्रचाराचा अंदाजही येतो. पण प्रचार म्हणजे शुद्धता नव्हे. आपल्या समाजात नित्य लागणाऱ्या ‘प्रायश्चित्त’ या शब्दातील शेवटचा जोड ‘त्त’ गाळून ‘प्रायश्चित’ लिहिणारे थोडे नाहीत. ते उद्या बहुसंख्य झाले तरी ‘चित्त’ या घटकातील एक त गळून पडत नाही; तिथे शब्दकोश पाहावा, आकडा नव्हे.

‘येशू’च्या बाबतीत निर्णयाचा आधारही असाच हाताशी होता. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम राज्यशासनाने 1962 साली मान्य केले आणि जे शाळांतून शिकवले जातात, त्यांनुसार मराठी शब्दाच्या अंती येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा असतो. ‘परंतु’, ‘आणि’ यांसारखी मोजकी अव्यये अपवाद आहेत. विशेषनामांनाही हाच नियम लागतो. त्यामुळे ‘जादू’ आणि ‘वाळू’ जसे, तसेच ‘येशू’. संपादकांना हा नियम मान्य नसेल, जुन्या प्रार्थनापुस्तकातले रूप जपायचे असेल, तर तेही एक सन्माननीय कारण आहे. तसे त्यांनी निवेदनात लिहिले असते तर आम्ही वाद घातला असता, पण आक्षेप घेतला नसता. परंपरा आणि नियम यांच्यात निवड करता येते. ज्याचा मालक ठाऊक नाही अशा आकड्याला मात्र काही विचारता येत नाही.

मोजायचेच असेल तर एक जुनी, हातची रीत आम्ही सुचवतो. पुस्तिकेची पुढची आवृत्ती काढण्यापूर्वी धर्मग्रामाच्या कपाटातील आणि चार घरांतील दहा-बारा मराठी पुस्तके एकत्र करावीत. ती निरनिराळ्या दशकांतली आणि निरनिराळ्या लेखकांची असावीत. प्रत्येक पुस्तकाला एकच मत द्यावे, मग त्यात नाव पाचदा येवो की पाचशेदा. सुटे रूप एका रकान्यात आणि प्रत्ययासहित रूप दुसऱ्या रकान्यात मांडावे, म्हणजे ‘येशु’ आणि ‘येशूने’ एकाच हातून लिहिले गेले असेल तर तेही दिसेल. शेवटी पुस्तकाचे वर्ष लिहावे. एका रविवारी मिस्सानंतर चार माणसे बसली तर दुपारपर्यंत हे काम संपेल. त्या लहानशा तक्त्यात प्रत्येक आकड्यामागे एक पुस्तक असेल, पुस्तकामागे एक माणूस असेल, आणि रूप कधी बदलले ते वर्षासह दिसेल. संपादकांचा निर्णय त्यानंतर कोणताही होवो, तो आपल्याच लोकांच्या लेखनावर आधारलेला असेल.

तसे न करता छापत राहिलो तर काय होईल, तेही सांगून आम्ही थांबतो. ही पुस्तिका उद्या कोणीतरी आंतरजालावर चढवील. तिच्यातल्या प्रार्थना दहा ठिकाणी उतरवल्या जातील. मग दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामाचा संपादक हीच शंका घेऊन संगणकापुढे बसेल, ‘येशु’चा आकडा आणखी थोडा वाढलेला पाहील आणि निश्चिंत होईल. त्या वाढलेल्या आकड्यात हीच पुस्तिका मोजलेली असेल, हे त्याला कोण सांगणार?